६३ कार्डं, एक रबरबँड आणि पुढच्या महिन्यात येणारे जपानी पाहुणे

लेथवाला_भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, बाकी वडिलांच्या काळातली लेथ. जानेवारीत बंगळूरला आयमटेक्स या मशीनच्या प्रदर्शनाला गेलो होतो. गेलो मशीन बघायला, पण दोन दिवसांत ओळखी बऱ्याच झाल्या आणि येताना खिशात ६३ व्हिजिटिंग कार्डं होती. घरी येऊन रबरबँड लावला आणि गठ्ठा ड्रॉवरमध्ये टाकला. काल उघडला. एका कार्डाच्या मागे माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘अर्जंट!!’. काय अर्जंट, कोणाला अर्जंट, देव जाणे. दुसऱ्यावर ‘चांगला माणूस’. तिसऱ्यावर काहीतरी होतं, पण शाई फिसकटून निळा ढग झालाय आणि तोच ढग वरच्या कार्डाच्या तोंडावरही उमटलाय.

तर प्रश्न दोन आहेत. कार्डाच्या पाठीमागे नेमकं काय लिहायचं, म्हणजे महिन्याभराने उपयोग होईल? आणि दुसरं, पुढच्या महिन्यात एका जपानी कंपनीचे तिघं आणि त्यांची दुभाषी मुलगी आमच्याकडे शॉप बघायला येणार आहेत. कार्ड देण्याघेण्याचं त्यांच्यात फार असतं म्हणतात. खरंच किती असतं?

प्रभाकर_काका

मी ३४ वर्षं सेल्समध्ये काढली, त्यामुळे अधिकाराने सांगतो. जपान्यांना कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, कमरेत चांगलं वाकायचं, आणि त्यांच्या कार्डावर आयुष्यात कधीही पेन टेकवायचं नाही. कार्ड म्हणजे तो माणूस. त्यावर लिहिणं म्हणजे त्याच्या कपाळावर लिहिणं. पाठीमागे लिहायची सवय लावूच नका, वेगळी डायरी ठेवा. बाकी तुमच्या ‘चांगला माणूस’वर हसलो. माझ्या कपाटातही असे बरेच चांगले माणूस पडून आहेत.

टवाळ_पुणेरी

हल्ली एक हजार कार्डांना किती पडतात हो? मला पण छापायचीत.

नागोयाकर

काका, अर्धं बरोबर आहे. मी नागोयाजवळ एका सुट्या भागांच्या कंपनीत खरेदी विभागात आहे, म्हणजे तुम्ही ज्यांना कार्ड देता त्या बाजूला बसतो. लिहायचं नाही ते समोर. पाहुणे गेल्यावर आमच्या विभागात जवळजवळ प्रत्येक जण कार्डाच्या मागे किंवा कोपऱ्यात तारीख आणि विषय टाकतो. मग ते स्कॅन होऊन सगळ्यांना दिसतं. तेव्हा ‘कधीही नाही’ हे खरं नाही. ‘त्यांच्या नजरेसमोर नाही’ हे खरं.

आता लेथवाले, तुमच्या त्या दिवसाचं सांगतो. पाहुणे आले की दारातच कार्ड काढू नका. आधी आत न्या. देवाणघेवाण उभ्याने होते आणि मध्ये टेबल नको. टेबलावरून हात लांब करून कार्ड देणं आमच्याकडे आळशीपणाचं समजतात. वळसा घालून समोर जायचं. कार्ड पाकिटातून नको. मागच्या खिशात बसून वाकलेलं पाकीट तर नकोच. साधी चपटी कार्डकेस घ्या, रेक्झिनची चालते, आणि पुरेशी कार्डं आधीच वर काढून ठेवा.

मजकूर त्यांच्याकडे वाचता येईल असा फिरवून धरायचा, स्वतःचं आणि कंपनीचं नाव सांगायचं, आणि त्यांच्या कार्डापेक्षा आपलं कार्ड बोटभर खाली धरायचं. तुम्ही विकणारे आहात म्हणून. प्रत्यक्षात दोघंही एकदमच पुढे करतात. मग उजव्या हाताने आपलं द्यायचं आणि त्यांचं डाव्या हातातल्या कार्डकेसवर घ्यायचं. आपलं सुटलं की दुसरा हातही लावायचा. नियम म्हणतो की जो भेटायला येतो त्याने आधी द्यावं. तुमच्याकडे येणारा तर गिऱ्हाईक आहे, म्हणजे नियम उलटसुलट झाला. त्यात अडकू नका, तुम्हीच पुढे करा.

वाकणं म्हणाल तर मान आणि खांदे थोडे झुकले की झालं. काटकोनात वाकलात तर ते बिचारे तुमच्याहून खाली वाकायला लागतील आणि ते कधी थांबायचं हा प्रश्न येईल.

लेथवाला_भोसरी

हे फार उपयोगी आहे. पण तीन पाहुणे, दुभाषी मुलगी, आणि आमच्याकडून मी, धाकटा भाऊ आणि आमचे फोरमन. सात जणांचा हा कार्यक्रम सत्यनारायणाच्या प्रसादासारखा होणार नाही का?

नागोयाकर

होतो तसाच, पण रांगेने. तुम्ही आधी त्यांच्या सर्वांत वरिष्ठांशी. तुमचं संपलं की तुम्ही दुसऱ्याकडे सरकायचं आणि भावाने वरिष्ठांकडे जायचं, त्याच्यामागे फोरमन. घेतलेलं कार्ड लगेच खिशात घालू नका. ते कार्डकेसच्या खाली सरकवा आणि पुढचं वर घ्या. दुभाषी मुलीला विसरू नका. लोक तिला खुर्चीसारखं धरतात, आणि पुढे सगळे फोन तिच्याकडूनच जातात.

बसलात की तिघांची कार्डं टेबलावर, ते ज्या क्रमाने बसलेत त्याच क्रमाने मांडा. वरिष्ठांचं कार्ड कार्डकेसवर, बाकीची तशीच टेबलावर. हा शिष्टाचार खराच तुमच्या सोयीचा आहे. समोर तीन काळे सूट असतात आणि तासाभराने कोण कोण ते आठवत नाही. कार्डं समोर असली की नाव घेऊन बोलता येतं. नावापुढे ‘सान’ लावा, आडनावाला. स्वतःच्या नावाला मात्र लावायचं नाही.

आणि हुद्दा वाचा. ‘बुच्यो’ म्हणजे विभागप्रमुख, ‘काच्यो’ म्हणजे त्याखालचा. मान बुच्योंना द्या, पण तुमचं ड्रॉइंग, दर, नमुना यातलं बहुतेक काम काच्यो किंवा त्यांच्या हाताखालचा तरुण बघणार. सगळ्यात गप्प बसलेल्या मुलाचं कार्ड हरवू नका.

मेघना_फिजिओ

विषयाला जरा सोडून. माझं क्लिनिक आहे, मला औषध कंपन्यांचे प्रतिनिधी रोज कार्डं देतात आणि मी त्यांच्यावर पेशंटला व्यायाम लिहून देते 🙈. पण एक अनुभव सांगायलाच हवा. मागच्या वर्षी एका कॉन्फरन्समध्ये मी लोकांच्या कार्डांमागे ओळखायला म्हणून वर्णनं लिहीत होते. ‘टक्कल, खूप बोलतो’ वगैरे. परत आल्यावर त्यातल्या एका सर्जनचा नंबर हवा म्हणून मैत्रिणीने मागितला. मी कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकले. ते सर्जन त्याच ग्रुपवर होते. त्यांनी फक्त 🙏 पाठवला. अजून पेशंट पाठवतात, पण मला त्यांना फोन करताना घाम फुटतो.

शाईघर_कोल्हापूर

ताई 😂

माझं छपाईचं दुकान आहे, तेव्हा शाईचं मी बोलतो. लेथवाले, तुमचा निळा ढग हा पेनाचा दोष नाही. आजकालची बहुतेक कार्डं ३०० जीएसएम आर्ट कार्डावर छापतात आणि दोन्ही बाजूंना मॅट लॅमिनेशन करतात. हाताला मखमली लागतं, लोकांना आवडतं. पण ते लॅमिनेशन म्हणजे प्लास्टिकची फिल्म. जेल पेनची शाई तिच्यात मुरत नाही, नुसती वर बसते. पाच मिनिटांनी बोट लावा, निघेल. त्यावर रबरबँड लावून गठ्ठा केलात की ती वरच्या कार्डाला चिकटणारच. बॉलपेन थोडं बरं, पण पुसतंच. प्रदर्शनाला जाताना बारीक टोकाचा सीडी मार्कर खिशात ठेवा, तो फिल्मवर धरतो. आधी दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या कार्डावर लिहून बघा.

स्वतःची छापताना मात्र ठरवा की समोरच्याला तुमच्या कार्डावर लिहिता यावं की नाही. यावं असं वाटत असेल तर लॅमिनेशनच नको, बिनकोटिंगचा जाड कागद सांगा. काही जण शहाणपणा करून ‘फक्त पुढच्या बाजूला लॅमिनेशन’ मागतात. पावसाळ्यात मोकळी बाजू ओल शोषते, फिल्मची बाजू शोषत नाही, आणि कार्ड पापडासारखं वळतं. शिकवायला लागतं ते गिऱ्हाईक परत आल्यावर.

टवाळ_पुणेरी, दर फोनवर सांगतात, फोरमवर नाही.

प्रभाकर_काका

नागोयाकर, मान्य, ‘आयुष्यात कधीही’ हे माझं जास्त झालं. पण डायरीचं म्हणणं सोडत नाही. लॅमिनेशनवर लिहिता येत नसेल तर कार्डाच्या कोपऱ्यावर नुसता नंबर टाका आणि डायरीत त्या नंबरापुढे सगळं लिहा. मी तसंच करत असे. अट एकच, डायरी हरवू नये. १९९७ साली माझी एक लोकलमध्ये राहिली, आणि ती कार्डं नंबरांसकट अजून माझ्याकडे आहेत.

वर्षा_नाशिक

मी नाशिकला अंबडमध्ये एका कंपनीत मार्केटिंग बघते, दर वर्षी चार-पाच प्रदर्शनं होतात. नागोयाकरांनी जपानचं सांगितलं, मी पहिल्या प्रश्नाचं सांगते.

माणसाचं वर्णन लिहायचंच नाही (मेघनाताई 🙏). त्याने काय मागितलं आणि मी काय कबूल केलं, एवढंच. माझं एक खरं कार्ड, नाव सोडून, जसंच्या तसं देते:

‘२४/१ बंगळूर, दुपारी. एसएस ३०४ बुश, बाहेरचा व्यास ३२, महिना ५,०००. सध्या राजकोटहून, तक्रार: बर. म्हणाला, रेट नंतर, आधी ५ नमुने. मी: ड्रॉइंग आल्यावर २ दिवसांत शंका. तो: ड्रॉइंग सोमवारी.’

यातली सगळ्यात मोलाची ओळ ‘तक्रार: बर’, म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धातूची कुसळं. आठवड्याने मी जेव्हा लिहिते की ‘नमुने डीबर करून आतल्या कडेचे फोटोही पाठवते’, तेव्हा त्याला कळतं की ही बाई ऐकत होती. आणि शेवटचे दोन शब्द, ‘मी’ आणि ‘तो’. कोणाचं काय देणं राहिलंय. तुमचं ‘अर्जंट’ निरुपयोगी झालं, कारण ते कोणाकडून येणं आहे तेच त्यात नाही.

वेळ म्हणाल तर भारतात मी समोरच लिहिते, पण विचारून. ‘विसरू नये म्हणून इथेच टिपून घेते, चालेल ना?’ कोणी नाही म्हणत नाही, उलट आकडा नीट सांगतात. गर्दीत जमलं नाही तर पुढच्या स्टॉलला जायच्या आधी, भिंतीला टेकून. संध्याकाळी हॉटेलवर लिहू म्हटलं तर पहिली दहा आणि शेवटची दहा आठवतात, मधली गेली.

लेथवाला_भोसरी

वर्षाताई, तुमचं कार्ड वाचून स्वतःची लाज वाटली. मग या ६३ चं काय करू? दीड महिना होत आला.

वर्षा_नाशिक

मेलेली आहेत असं समजू नका, पण सगळ्यांना एकच मेसेजही टाकू नका. आज बसून तीन ढीग करा. ज्यांचं बोलणं आठवतंय ते, ज्यांचा नुसता चेहरा आठवतोय ते, आणि काहीच नाही ते. तिसरा ढीग पत्त्यासाठी ठेवा, तिथे लिहू नका. पहिल्याला प्रत्येकाला वेगळा मेल, चार ओळी. उशीर झाला हे एका वाक्यात कबूल करा, कारणं नकोत. मी असं लिहीन:

‘नमस्कार, जानेवारीत बंगळूरला आपण शाफ्टच्या कीवेबद्दल बोललो होतो. मी आठवड्यात कळवतो म्हणालो होतो, उशीर माझ्याकडून झाला. असं काम आम्ही कसं करतो त्याचे दोन फोटो जोडलेत. अजून गरज असेल तर ड्रॉइंग पाठवा, दोन दिवसांत शंका किंवा दर कळवतो.’

मधल्या ढिगाला खोटं आठवणं दाखवू नका. ‘भेट झाली होती, विषय माझ्याकडून टिपायचा राहिला, आपल्याला कशात रस होता ते कळवाल का’ असं सरळ विचारा. पाचातला एखादा उत्तर देतो, कदाचित तेवढाही नाही. आणि हात जोडून सांगते, कार्डावरचे नंबर उचलून व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टमध्ये घालू नका. कार्ड दिलं म्हणजे रोजच्या ‘शुभ सकाळ’ला परवानगी दिली नाही.

टवाळ_पुणेरी

मी तर कार्डच सोडून दिलं. क्यूआर दाखवतो, ते स्कॅन करतात, विषय संपला.

नागोयाकर

भारतातल्या प्रदर्शनात चालेल. जपानी पाहुण्यांसमोर फोन धरून ‘स्कॅन करा’ म्हणू नका, कागदाचं कार्ड द्या, त्यावर कोपऱ्यात क्यूआर असू दे. कार्डं संपलीच तर माफी मागायची आणि भेटीनंतरच्या मेलमधून पाठवायचं. ते चालतं, आमच्याकडेही लोकांची कार्डं संपतात.

लेथवाले, तुमच्या कार्डाची मागची बाजू जपानीत छापणार का? छापलीत तर बरं वाटेल त्यांना, सक्ती नाही. पण नावाचा उच्चार कोणा जाणत्याकडून तपासा. परकी नावं तिथे काताकाना लिपीत लिहितात आणि स्वर लांबवायला एक आडवी रेघ देतात. माझ्या काळे आडनावाच्या मित्राच्या कार्डावर पहिल्या अक्षरापुढे द्यायची रेघ छापणाऱ्याने शेवटी दिली. तसं लिहिल्यावर तो शब्द ‘करी’ होतो, आपण भाताबरोबर खातो ती. बिचारा तीन महिने ‘करी सान’ म्हणून फिरत होता आणि समोरचे फार सभ्यपणे वाचत होते.

शाईघर_कोल्हापूर

आणि मापाचं लक्षात ठेवा. जपानी कार्ड ९१ × ५५ मिलिमीटर. आपल्याकडचं नेहमीचं साडेतीन × दोन इंच, म्हणजे साधारण ८९ × ५१. आपलं त्यांच्या केसमध्ये बसतं, त्यांचं आपल्या घट्ट केसमध्ये अडकतं. घेताना कोपरा दुमडून कोंबताना बघितलंय मी लोकांना. जरा मोठी केस घ्या.

पण नागोयाकर, मागची बाजू जपानीत भरून टाकली तर लिहायचं कुठे?

नागोयाकर

तोच तर वाद आहे. मला विचाराल तर जपानी मजकूर वरच्या अर्ध्यात लहान, खाली कोरं. आमच्या विभागातल्यांना विचाराल तर ते म्हणतील पूर्ण भरा, आम्ही तारीख कोपऱ्यात टाकू.

लेथवाला_भोसरी

पाहुणे परवा येऊन गेले. वृत्तांत.

दोन चुका झाल्या. पहिली, फोरमन सरळ मशीनवरून आले, हात धुतले होते पण कूलंटचा वास आणि अंगठ्याला काळं. त्यांनी कार्ड दिलं, कोपऱ्यावर ठसा उमटला. बुच्योंनी ते बघितलं, फोरमनच्या हाताकडे बघितलं आणि दुभाषी मुलीकडून विचारलं की हे स्वतः मशीन चालवतात का. फोरमन म्हणाले, तीस वर्षं. पुढचा अर्धा तास बुच्यो माझ्याशी नाही, फोरमनशी बोलत होते. ही चूक की नाही तेच मला कळत नाही.

दुसरी खरी चूक. बैठक संपली, मी कार्डं गोळा केली आणि सवयीने मार्कर काढून एकावर ‘±०.०२’ लिहायला लागलो. समोरच. भावाने टेबलाखाली लाथ मारली. मार्कर हवेतच थांबला. लिहिलं गेलं नाही, पण काच्योंनी बघितलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

ते गेल्यावर गेटवरच उभं राहून लिहिलं, वर्षाताईंच्या पद्धतीने. काच्योंच्या मागे: ‘पिन, व्यास १२, ±०.०२. विचारलं: मापन रोज कोण करतं. मी: रेकॉर्डचं एक पान आणि ५ नमुने. ते: मटेरियलचा ग्रेड.’ त्या गप्प मुलाने फक्त एक प्रश्न विचारला होता, एअर गेज कधी कॅलिब्रेट केला. त्याच्या मागे तेवढंच लिहिलंय.

आभाराचा मेल त्याच संध्याकाळी टाकला. पुढे काय करू?

नागोयाकर

छान केलंत. मेल कोणाला गेला?

लेथवाला_भोसरी

बुच्योंना, बाकीचे सीसीमध्ये.

नागोयाकर

आभाराला ठीक आहे. कामाचा मेल आता काच्योंना, तो मुलगा आणि दुभाषी सीसीमध्ये, नावं हुद्द्याच्या क्रमाने. मापनाचं पान, आणि त्याच मेलमध्ये गेजच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची प्रत, त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून, त्याचं नाव घेऊन. नमुने कधी निघतील ती तारीख लिहा आणि तीच पाळा. दोन दिवस उशीर होणार असेल तर उशीर व्हायच्या आधी कळवा. मार्करबद्दल माफी मागू नका, त्याने तो आणखी मोठा होईल.

प्रभाकर_काका

माफी मागायला हवी, असं माझं मत. एका ओळीत. पण तुम्ही तिथे राहता.

लेथवाला_भोसरी

नाही मागितली काका. नमुने ठरल्या दिवशी गेले. काल उत्तर आलं, दुभाषी मुलीने मराठीत सांगितलं: मिळाले, ‘केन्तो शिमास’, म्हणजे विचार करतो. हे हो आहे की नाही?

नागोयाकर

दोन्ही असू शकतं. मी स्वतः दोन्ही अर्थांनी लिहिलंय. मटेरियलचा ग्रेड कळवला का त्यांनी?

लेथवाला_भोसरी

हो, त्याच मेलमध्ये. शेवटच्या ओळीत.

नागोयाकर

मग मी तरी तुमचं कार्ड अजून टेबलावरच ठेवलं असतं. तीन आठवडे थांबा, मग त्या ग्रेडवर एक खराखुरा प्रश्न असेल तरच लिहा.

टवाळ_पुणेरी

शाईघर, फोन लागत नाहीये तुमचा. बिनकोटिंगचा कागद हवाय, हजार कार्डं.